गतः म्हणजे गेला, गेलेला, की गेला होता? रामायण वाचताना क्त कसा सोडवायचा

जळगावला आम्ही सहा-सात जण रविवारी सकाळी एकाच्या घरी बसून वाल्मीकी रामायण मुळातून वाचतो. बालकांडाचा पहिला सर्ग चालू होता, म्हणजे नारद वाल्मीकींना शंभरेक श्लोकांत पूर्ण रामकथा सांगतात तो. तिथे एका ओळीवर आमची गाडी जी अडकली ती दीड तास हललीच नाही. ओळ साधी आहे, सीताप्यनुगता रामम्. ग्रुपमधले अप्पा म्हणाले की याचा अर्थ 'रामाच्या मागे गेलेली सीता', मग क्रियापद कुठेय, पुढच्या ओळीत शोधा. दुसऱ्या ताई म्हणाल्या की क्रियापद हेच, 'सीतासुद्धा रामाच्या मागे गेली', वाक्य इथेच संपलं. दोघांचंही व्याकरण बरोबर होतं, अर्थ मात्र एकच लागायला पाहिजे होता.

त्या दिवशी घरी येऊन मी तो सर्ग परत पहिल्यापासून वाचला, प्रत्येक क्त प्रत्ययाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि शेजारी लिहिलं की इथे मराठीत काय करावं लागतं. त्यातून जी पद्धत हाताला लागली ती इथे लिहितोय. ज्यांना शब्दरूपं, धातुरूपं थोडीफार येतात, संधी सोडवता येतो, पण रामायण-महाभारत वाचताना गतः, उक्तः, हतः दिसलं की काळ कुठला धरायचा कळत नाही, त्यांच्यासाठी आहे हे.

आधी थोडं मराठीबद्दल बोलावं लागेल, कारण आपल्याला यातलं अर्धं काम आयतं मिळालंय.

शाळेत शिकवतात की संस्कृतमध्ये भूतकाळ तीन, लङ् लुङ् लिट्, अगच्छत् अगमत् जगाम. आणि क्त म्हणजे 'कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित विशेषण'. मग मुलांच्या डोक्यात बसतं की क्त म्हणजे विशेषण, क्रियापद वेगळं असणारच. पण आपण मराठीत भूतकाळ बोलतो तो कशाने? 'गेला' हे रूप अगच्छत् किंवा जगाम यातून आलेलंच नाही, ते आलंय गत मधून. प्राकृतात गत चा गअ झाला, त्याला इल्ल हा प्रत्यय लागला आणि गेला झालं. आपल्या खान्देशात अहिराणीत तर तो ल पण नाही, आजी सरळ म्हणते 'राम वनमा गया'. गया म्हणजे गतः, मधे फारसं काही नाही. म्हणूनच आपलं भूतकाळी क्रियापद विशेषणासारखं लिंग बदलतं, गेला गेली गेलं. जाईल मध्ये लिंग नाही, गेला मध्ये आहे, कारण ते मुळात विशेषणच होतं.

आणि 'ने' पण तिथलाच मामला आहे. रामेण उक्तम्, रामाने म्हटलं. कर्ता तृतीयेत, क्रियापद कर्माप्रमाणे. ज्ञानेश्वरीच्या शेवटची ओवी सगळ्यांना पाठ असते, शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें, सच्चिदानंदबाबा आदरें, लेखकु जाहला. यात 'टीका केली ज्ञानेश्वरें' हे शब्दाला शब्द टीका कृता ज्ञानेश्वरेण आहे, आणि 'लेखकु जाहला' मध्ये कर्ता प्रथमेत आहे कारण होणं अकर्मक आहे. आपल्या चाळीसगावजवळ पाटणला शके ११२८ चा शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, काढलेल्या मठाचा. तो बराचसा संस्कृतात आहे पण शेवटी त्या वेळच्या मराठीत दानं लिहिलीयेत, त्यात 'तो मढा दीन्हला' आणि 'तें ब्राह्मणीं दीन्हलें' अशी वाक्यं येतात. ब्राह्मणीं ही तृतीया, दीन्हलें हे तें शी जुळलेलं नपुंसकलिंग. दगडावर कोरलेलं हे मराठी वाक्य आणि रामायणातलं क्त चं वाक्य यांचा सांगाडा एकच आहे.

हे सांगितलं कारण आता पहिली टेस्ट सोपी होते.

पायरी १: ला लावून बघा, मग लेला लावून बघा

मराठीने एक गोष्ट संस्कृतपेक्षा जास्त स्पष्ट केली. संस्कृतात गतः एकच, पण मराठीत 'गेला' हे क्रियापद आणि 'गेलेला' हे विशेषण असे दोन वेगळे झाले. 'केळीचा ट्रक गेला' म्हटलं की वाक्य संपलं, 'रावेरला गेलेला केळीचा ट्रक' म्हटलं की ऐकणारा पुढचं ऐकायला थांबतो. म्हणून क्त दिसला की दोन्ही लावून बघायचं.

आता ती ओळ पूर्ण संदर्भासकट घेऊ. राम वनात निघालाय, आणि

तं व्रजन्तं प्रियो भ्राता लक्ष्मणोऽनुजगाम ह
स्नेहाद् विनयसम्पन्नः सुमित्रानन्दवर्धनः

पुढे एक-दोन ओळी लक्ष्मणाचं कौतुक आणि सीतेचं वर्णन सुरू, मग

जनकस्य कुले जाता देवमायेव निर्मिता
सर्वलक्षणसम्पन्ना नारीणामुत्तमा वधूः
सीताप्यनुगता रामं शशिनं रोहिणी यथा

सीतेला लागून किती क्त आहेत बघा, जाता, निर्मिता, सम्पन्ना, अनुगता. सगळे प्रथमेत, सगळे स्त्रीलिंगी एकवचनी, रूपावरून काहीही फरक कळणार नाही. आता लावा. 'जनकाच्या कुळात जन्मली' की 'जन्मलेली'? इथे सीतेचा जन्म ही बातमी नाहीये, ती ओळख आहे, म्हणून जन्मलेली. निर्मिता ला तर इव लागलंय, जणू देवमायेनेच घडवलेली, तेही लेली. सम्पन्ना म्हणजे लक्षणांनी युक्त असलेली. आणि अनुगता ला अपि लागलंय सीतेबरोबर, 'सीतासुद्धा', म्हणजे आधी कुणीतरी काहीतरी केलं आणि हिनेही तेच केलं. कोणी केलं? लक्ष्मणाने, आणि तिथे शब्द होता अनुजगाम. धातू तोच, अनु + गम्. लक्ष्मण मागे गेला, सीतासुद्धा मागे गेली.

मला या सर्गातली ही जोडी सगळ्यात मोलाची वाटते, कारण कवीनेच समीकरण मांडून दिलंय. एका भावासाठी लिट्, वहिनीसाठी क्त, अपि ने दोन्ही जोडलेत. याचा अर्थ कथनात हा क्त लिट् च्या बरोबरीने उभा राहतो, तेवढाच पूर्ण, तेवढाच भूतकाळी. 'गेलेली होती' वगैरे जड करायची इथे गरज नाही. अप्पांनी जे पुढच्या ओळीत क्रियापद शोधलं ते या अपि कडे लक्ष न गेल्यामुळे.

तर टेस्ट अशी, त्या वाक्यात वेगळं तिङन्त, म्हणजे जगाम सारखं धातुरूप, नाही, क्त प्रथमेत आहे, आणि तो काहीतरी नवीन घडल्याचं सांगतोय, तर तो ला. माणसाची ओळख किंवा अवस्था सांगून पुढे सरकतोय तर लेला. क्त द्वितीयेत किंवा सप्तमीत असेल तर प्रश्नच नाही, तो मुख्य क्रियापद होऊच शकत नाही. त्याच सर्गात पुढे चित्रकूटं गते रामे येतं, ती सति सप्तमी, 'राम चित्रकूटाला गेल्यावर', क्रियापद पुढे जगाम आहे, दशरथ स्वर्गाला गेला.

पायरी २: कर्ता कुठे बसलाय ते बघा

सीताप्यनुगता रामम् च्या लगेच पुढची ओळ आहे

पौरैरनुगतो दूरं पित्रा दशरथेन च

परत अनुगत, पण आता उलटं. पहिल्यांदा वाचताना मी 'पौरांच्या मागे दूरवर गेला' असं केलं होतं, कारण आत्ताच अनुगता चा अर्थ 'मागे गेली' असा लागला होता. चूक. पौरैः तृतीया आहे, मागे जाणारे नागरिक आहेत आणि बाप दशरथ आहे, आणि अनुगतः हा राम आहे, ज्याच्या मागे ते गेले. 'नागरिकांनी आणि वडिलांनी दूरपर्यंत त्याची पाठराखण केली.'

एकाच श्लोकात एकच कृदन्त आधी कर्तरि आणि मग कर्मणि, हे कसं चालतं? पाणिनीने याचं उत्तर दिलंय. सर्वसाधारण नियम असा की क्त कर्म किंवा भाव सांगतो, म्हणजे रामेण हतः रावणः सारखं. पण ३.४.७२ या सूत्रात तो एक गट वेगळा काढतो, जाण्याच्या अर्थाचे धातू, अकर्मक धातू, आणि बिलगणं, झोपणं, उभं राहणं, बसणं, राहणं, जन्मणं, वाढणं-चढणं, जीर्ण होणं असे काही धातू, यांचा क्त कर्तरिसुद्धा होतो. 'सुद्धा' महत्त्वाचं आहे, कर्मणि बंद होत नाही. म्हणून गम् चा क्त दोन्हीकडे फिरतो, पण हन् चा, वच् चा, कृ चा फिरत नाही.

आणि हे मराठीला किती ओळखीचं आहे बघा, 'तो गेला' ला ने लागत नाही, 'त्याने मारलं' ला लागतो. जिथे मराठीत ने लागत नाही तिथे बहुतेक वेळा संस्कृतातही क्त कर्तरि असतो. पूर्ण भरवसा ठेवू नका, पण पहिला अंदाज म्हणून हे चांगलं चालतं.

जिथे अजिबात चालत नाही ती जागा सांगतो. याच सर्गात पुढे आहे

पम्पातीरे हनुमता सङ्गतो वानरेण ह
हनुमद्वचनाच्चैव सुग्रीवेण समागतः

तृतीया दिसली की कर्ता समजायचं अशी सवय लागलेली असते, मग 'हनुमानाने गाठला, सुग्रीवाने आणला' असे अर्थ निघतात. पण सङ्गत, समागत म्हणजे भेटणं, एकत्र येणं, आणि भेटणं ज्याच्याशी होतं तो तृतीयेत जातो. कर्ता रामच, प्रथमेत. 'पंपेच्या काठी तो हनुमान नावाच्या वानराला भेटला, आणि हनुमानाच्या सांगण्यावरून सुग्रीवाशी भेट झाली.' तेव्हा तृतीया दिसली की आधी धातूचा अर्थ बघायचा, की ती 'ने' आहे की 'शी' आहे. सम् उपसर्ग असला की जास्त सावध.

पौरैरनुगतः बद्दल एक अडचण राहते, ती लपवत नाही. त्याच्या पुढे लगेच व्यसर्जयत् हे लङ् येतं, शृंगवेरपुरात गंगेकाठी रामाने सारथ्याला निरोप दिला. कर्ता दोन्हीकडे रामच. मग अनुगतः ला क्रियापद धरायचं की व्यसर्जयत् च्या कर्त्याचं विशेषण? दोन्ही वाचता येतं. मी क्रियापद धरतो, कारण नागरिक आणि दशरथ गंगेपर्यंत आलेच नव्हते, 'सोबत केल्या गेलेल्या रामाने गंगेकाठी सारथ्याला सोडलं' म्हटलं की ते लोक तिथे उभे असल्यासारखं वाटतं. काळ मात्र दोन्ही वाचनांत तोच राहतो, पाठराखण आधी, निरोप नंतर.

पायरी ३: आसीत्, आसन् सोबत आहे का

आता नाशिककडे येऊ, जनस्थान. आपल्याकडची माणसं पंचवटीला जाऊन आलेली असतात, त्यामुळे हा भाग वाचताना ग्रुपमध्ये सगळे जरा सरसावून बसतात.

तेन तत्रैव वसता जनस्थाननिवासिनी
विरूपिता शूर्पणखा राक्षसी कामरूपिणी

'तिथेच राहत असताना त्याने जनस्थानात राहणारी, हवं ते रूप घेणारी शूर्पणखा राक्षसी विद्रूप केली.' तिङन्त नाही, विरूपिता क्रियापद. मराठीत आपण सहसा म्हणू 'शूर्पणखेला विद्रूप केलं', केलं नपुंसक, कारण कर्माला ला लागला की मराठी क्रियापद जुळवणं सोडून देतं. संस्कृत सोडत नाही. म्हणून भाषांतर करताना मराठीच्या सवयीने विरूपितम् शोधत बसू नका, क्त कुणाशी जुळतोय ते बघितलं की कर्म आपोआप सापडतं.

वसता हे शतृ, राहत असलेला, तृतीयेत, तेन चं विशेषण. याबद्दल थोडक्यात एवढंच की शतृ-शानच् ला स्वतःचा काळ नसतो, मुख्य क्रिया ज्या काळात त्याच काळात ही चालू. विरूपिता भूतकाळात म्हणून वसता 'राहत असताना'. व्रजन्तम् पण तसंच होतं, राम जात असताना लक्ष्मण मागे गेला. याला 'आहे' लावून वर्तमानकाळ करणं ही नवख्या वाचकाची नेहमीची चूक. ओळ शानच् वर संपली आणि क्रियापद दिसलं नाही तर थांबायचं, पुढच्या श्लोकापर्यंत वाचायचं, अहिराणीत 'काय करी ऱ्हायना' म्हणतात तसं चालू क्रियेचं पूर्ण वाक्य रामायणात नुसत्या शानच् ने सहसा होत नाही.

तर पुढे खर, त्रिशिरा, दूषण येतात आणि

निजघान रणे रामस्तेषां चैव पदानुगान्
वने तस्मिन् निवसता जनस्थाननिवासिनाम्
रक्षसां निहतान्यासन् सहस्राणि चतुर्दश

हन् दोनदा आला. आधी निजघान, लिट्, रामाने रणात मारलं. मग निहतानि आसन्. संधीमुळे निहतान्यासन् असं एक शब्द वाटतं, आणि ते नपुंसक बहुवचन राक्षसांशी नाही तर सहस्राणि शी जुळतंय. नुसतं निहतानि लिहून वाक्य झालं असतं, विरूपिता ला कुठे आसीत् लावलं होतं? मग इथे आसन् का?

मला असं वाटतं की निजघान ने घटना सांगून झाली, युद्ध संपलं, आता नारद मागे वळून हिशोब सांगतायत. 'त्या वनात राहत असताना त्याच्या हातून जनस्थानातले चौदा हजार राक्षस मारले गेले होते.' आसन् आलं की आपण घटनेतून बाहेर पडून त्या वेळच्या स्थितीकडे बघतो, हे इतके मेलेले होते. कथा पुढे सरकत नाही, जागेवर थांबते. आणि लगेच पुढचा श्लोक ततो ज्ञातिवधं श्रुत्वा रावणः, म्हणजे ही जी स्थिती झाली होती तीच रावणाच्या कानावर जाते आणि तिथून पुढचं सगळं घडतं. म्हणजे मराठीत 'ला' ऐवजी 'ला होता' लावायचं.

पण हे नियम म्हणून छातीठोकपणे वापरू नका. अनुष्टुभाच्या पादात आठ अक्षरं भरायची असतात आणि आसीत्, अभवत्, बभूव अशी दोन-तीन अक्षरी क्रियापदं तिथे हाताशी असतात, त्यामुळे कधी कधी साध्या 'झाला' च्या जागी 'झाला होता' सारखं रूप बसलेलं असतं. ओळखायचं कसं? क्त + आसीत् काढून तिथे मनात लिट् घाला. कथा पुढच्या टप्प्यावर गेली तर ती साधी घटना, कथा आधीच जिथे पोचलीय तिथेच राहिली तर ती 'होता' वाली.

पायरी ४: बोलतंय कोण

कथन आणि संवाद यात क्त चा काळ बदलतो, आणि महाकाव्यात पानभर संवाद असतात, म्हणून ही पायरी सोडून चालणार नाही. रामायणातून थोडं बाहेर जातो, गीतेच्या चौथ्या अध्यायाची सुरुवात घेतो, सगळ्यांच्या घरात आहे.

इमं विवस्वते योगं प्रोक्तवानहमव्ययम्
विवस्वान्मनवे प्राह मनुरिक्ष्वाकवेऽब्रवीत्

एवं परम्पराप्राप्तमिमं राजर्षयो विदुः
स कालेनेह महता योगो नष्टः परन्तप

स एवायं मया तेऽद्य योगः प्रोक्तः पुरातनः
भक्तोऽसि मे सखा चेति रहस्यं ह्येतदुत्तमम्

सांगितलं हे क्रियापद इथे चार वेळा आहे आणि चारही वेळा रूप वेगळं, प्रोक्तवान्, प्राह, अब्रवीत्, प्रोक्तः. पहिला प्रोक्तवान् म्हणजे क्तवतु, तो नेहमी कर्तरि, मी सांगितला, योगं द्वितीयेत. केव्हा? विवस्वानाला, म्हणजे युगांपूर्वी. शेवटचा प्रोक्तः, मया ते अद्य, आज मी तुला सांगितला. धातू तोच, दोन्हीकडे निष्ठा म्हणजे क्त-क्तवतु प्रत्ययच, एकाचं अंतर कल्पनेत न मावणारं आणि दुसऱ्याचं काही क्षणांचं.

इथे कळतं की क्त स्वतः लांबचं जवळचं काही सांगत नाही. लङ् म्हणजे आजच्या आधीचं, लिट् म्हणजे न पाहिलेलं असे भेद पाणिनीने केलेत (महाकाव्यांत ते बरेच पुसट झालेत हा भाग वेगळा), पण निष्ठेला तो फक्त भूते एवढंच लावतो. क्त सांगतो की क्रिया पुरी झाली. केव्हा पुरी झाली ते आजूबाजूचे शब्द सांगतात, विवस्वते, कालेन महता, अद्य.

मधला नष्टः अजून रोचक आहे. कथनात असता तर 'नाहीसा झाला' एवढंच केलं असतं. पण इथे कृष्ण समोर उभ्या अर्जुनाला सांगतोय, आणि इह म्हणतोय, इथे या जगात. नाहीसा झालाय, आणि अजूनही नाही, म्हणून तर आज परत सांगायची वेळ आली. मराठीत 'नाहीसा झाला आहे' किंवा बोलीत 'झालाय'. बोलणारा स्वतःच्या आत्ताशी जोडून बोलतो तेव्हा क्त ला 'आहे' लागतं, निवेदक गोष्ट सांगतो तेव्हा लागत नाही. संस्कृतात तृतीय पुरुषात अस्ति बहुतेक गळलेलं असतं म्हणून ते दिसत नाही, पण प्रथम-द्वितीय पुरुषात अस्मि, असि सहसा लिहिलेलं सापडतं. तेही नेहमी नाही, प्रोक्तवान् अहम् मध्ये अहम् आहे म्हणून अस्मि ची गरज पडली नाही.

आणि भक्तोऽसि? भक्त पण क्तच आहे, भज् चा. पण 'तू भजलेला आहेस' असं कुणी करणार नाही, तो शब्द आता नाम झालाय, 'तू माझा भक्त आहेस'. असे काही क्त भूतकाळ पूर्ण विसरलेत. अशा वेळी असि हे पूर्ण क्रियापद धरायचं.

पूर्ण पद्धत लावून एक ओळ

आता परत नारदांकडे, सर्गाच्या शेवटाकडे. लंका झाली, सगळे अयोध्येला परत आलेत.

नन्दिग्रामे जटां हित्वा भ्रातृभिः सहितोऽनघः
रामः सीतामनुप्राप्य राज्यं पुनरवाप्तवान्

तिङन्त शोधा, नाही. प्रथमेतले निष्ठा प्रत्यय दोन, सहितः आणि अवाप्तवान्. सहितः ला लेला लावा, 'भावांसोबत असलेला', बातमी नाही, लेला. अवाप्तवान् ला ला लावा, 'राज्य परत मिळवलं', बातमी आहे, हे क्रियापद. कर्ता कुठे? क्तवतु म्हणून प्रथमेत, रामः, आणि राज्यं द्वितीयेत. मराठी इथे आपल्याला ओढते, कारण मराठीत 'रामाने मिळवलं' होतं, ने लागतो, आणि मग विद्यार्थी रामेण अवाप्तवान् असं लिहून मोकळे होतात, पेपरात हमखास दिसणारी चूक. संस्कृतात रामः अवाप्तवान् किंवा रामेण अवाप्तम्, मिसळ चालत नाही. आसीत् नाही, म्हणून 'होता' नाही. नारद सांगतायत, कथनच आहे, म्हणून साधा 'मिळवलं'.

आणि लगेच पुढे

प्रहृष्टमुदितो लोकस्तुष्टः पुष्टः सुधार्मिकः
निरामयो ह्यरोगश्च दुर्भिक्षभयवर्जितः
न पुत्रमरणं केचिद् द्रक्ष्यन्ति पुरुषाः क्वचित्

परत तिङन्त नाही, लोकः प्रथमेत, त्याला प्रहृष्ट, मुदित, तुष्ट, पुष्ट, वर्जित असे क्तच क्त. आत्तापर्यंतच्या सवयीने हात 'लोक आनंदले, संतुष्ट झाले' असं लिहायला जातो. ग्रुपमध्ये आम्ही सगळ्यांनी तसंच लिहिलं होतं. पण बघा, त्यात कुठलाही क्त पुढच्या घटनेवर नेत नाही, शेजारी सुधार्मिकः, निरामयः, अरोगः ही साधी विशेषणं बसलीयेत जी क्त नाहीतच, म्हणजे ही सगळी रांग अवस्थेची आहे. आणि पुढच्याच ओळीत द्रक्ष्यन्ति, भविष्यकाळ, कुठेही कुणी माणूस मुलाचं मरण बघणार नाही. त्याच्या पुढे भविष्यन्ति पण येतं. नारद हे सांगताना राम राज्यावर आहे, अवाप्तवान् पर्यंतचं घडून गेलंय, तिथून पुढचं चालू आहे आणि येणार आहे. म्हणून हे क्त भूतकाळी नाहीत. 'लोक आनंदात आहेत, समाधानी, धडधाकट, धर्माने वागणारे, त्यांना रोग नाही, दुष्काळाची भीती नाही.' काही जण इथे भविष्यति मनात धरून 'असतील' असं करतात, तेही बसतं.

अवाप्तवान् आणि तुष्टः एकमेकांच्या पाठोपाठच्या श्लोकांत आहेत, दोन्हीही निष्ठाच, आणि त्यांच्या मधल्या त्या दंडावर गोष्टीचा भूतकाळ संपतो. पुढच्या रविवारी मी ग्रुपला हाच दंड पेन्सिलीने जाड करून दाखवला. अप्पांनी त्यांच्या पोथीत समासात लिहून घेतलं, 'इथून आहे'.